कपामागे सुटणारे आठ रुपये : प्रस्तावना

आणीबाणीत सरकारनं हॉटेलांतल्या पदार्थांच्या किमती बांधून दिल्या, तेव्हा बंगळुरूच्या लालबाग रस्त्यावरच्या मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजे एमटीआर, या १९२४ पासून चालत आलेल्या हॉटेलापुढे पेच उभा राहिला. ठरवून दिलेल्या किमतीत तेच तूप आणि तीच कॉफी देणं परवडत नव्हतं आणि माल हलका करणं मालकांना मान्य नव्हतं. त्यांनी दर्जा सोडला नाही. दिवसभरात किती तोटा झाला ते फलकावर लिहून दारात लावायला सुरुवात केली, आणि शेवटी हॉटेल बंद केलं. हाताखालच्या माणसांना काम राहावं म्हणून तयार पिठं आणि मसाले विकायला काढले. आज देशभर दिसणाऱ्या एमटीआरच्या पाकिटांची सुरुवात तिथली आहे.

या प्रसंगाकडे स्वाभिमानाची गोष्ट म्हणून पाहिलं जातं आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यात या पुस्तकाच्या विषयाचा गाभा दिसतो. धंद्यात तोटा दोन तऱ्हांनी होतो. एका तऱ्हेत प्रत्येक नगामागे थोडं सुटत असतं, पण नग पुरेसे खपत नसल्यामुळे भाडं आणि पगार निघत नाहीत. अशा धंद्याला गिऱ्हाईक वाढलं की तो तरतो. दुसऱ्या तऱ्हेत नग विकतानाच खिशातून पैसे जातात. तिथे गिऱ्हाईक वाढलं की तोटाही वाढतो, आणि दारातली गर्दी ही वाईट बातमी असते. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला महिनाअखेरीस दोन्ही तोटे सारखेच दिसतात. ते वेगळे काढायचे तर नगामागे काय सुटतं हे आधी माहीत हवं. ब्रेक-ईव्हनचं सगळं गणित या एका रकमेवर उभं आहे, आणि किंमत किंवा खर्च बदलला तर ही रक्कम कशी हलते हे पाहणं म्हणजेच संवेदनशीलतेची तपासणी.

बंगळुरूत पोळीभाजी केंद्र, मिसळीचं दुकान किंवा दिवाळीच्या फराळाचा घरगुती व्यवसाय चालवणारी मराठी माणसं पुष्कळ आहेत. पुस्तक त्यांच्यासाठी आहे, आणि अशाच बेतातल्या कोणाहीसाठी. उदाहरण मात्र मी जाणूनबुजून या शहराचं घेतलं : उभ्यानं कॉफी प्यायचं एक लहान काउंटर. पुढचे आकडे कल्पित आहेत, पण जमेल तितके इथल्या दरांना धरून आहेत.

कॉफीचा कप २० रुपयांना. त्यात १०० मिलिलिटर दूध, ५० रुपये लिटरच्या भावानं ५ रुपयांचं. ६ ग्रॅम कॉफी पावडर, ७०० रुपये किलोनं ४ रुपये २० पैशांची. साखर ४० पैसे, गॅस ६० पैसे. सांडलवंड आणि उरलेलं डिकॉक्शन यांचे ८० पैसे. हा माल झाला ११ रुपयांचा. धंदा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे असं धरू. तिथे हॉटेलाला उलाढालीवर ५ टक्के कर स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, म्हणजे कपामागे आणखी १ रुपया. २० मधून १२ गेले, ८ रुपये सुटले.

आता महिन्याचा स्थिर खर्च, कप एक विकला काय आणि हजार विकले काय, जो द्यावाच लागतो. भाडं ४५,०००. कॉफी करणारे दोघे मिळून ३६,०००, भांडी आणि सफाईला एक माणूस १४,०००. वीज-पाणी ९,०००, परवाने आणि दुरुस्ती ६,०००. बेरीज १,१०,०००. तिला ८ नं भागलं की महिन्याला १३,७५० कप येतात, दिवसाला ४५९. रोज साडेपाचशे कप विकणारा मालक हे पाहून निश्चिंत होईल.

पण तीन खर्च राहून गेलेत, आणि बहुतेक घरगुती हिशेबांत हेच तीन राहतात. मालक स्वतः पहाटेपासून उभा असतो. तेच काम त्यानं दुसऱ्याकडे केलं असतं तर ३०,००० मिळाले असते. जागेच्या मालकाला बंगळुरूच्या रिवाजाप्रमाणे दहा महिन्यांचं भाडं, म्हणजे साडेचार लाख, डिपॉझिट म्हणून दिलेलं आहे. १२ टक्क्यांनी त्याचं व्याज महिन्याला ४,५०० पडतं. यंत्र आणि भांड्यांची झीज ३,५००. हे धरले की स्थिर खर्च १,४८,००० होतो, आणि लागणारे कप महिन्याला १८,५००, दिवसाला ६१७. साडेपाचशेवाला मालक नफ्यात नव्हता. तो आपली मजुरी आणि आपल्या डिपॉझिटचं व्याज धंद्याला देत होता. कुटुंब चालवणाऱ्या माणसानं हे समजून उमजून करावं, नकळत नको. म्हणून या पुस्तकात मालकाचा पगार शेवटच्या ओळीत ढकललेला नाही. तो भाड्याच्या खालीच लिहिला आहे.

हा विचार नवा नाही. १९०३ मध्ये हेन्री हेस या अभियंत्यानं विक्री आणि खर्चाच्या रेषा एका कागदावर काढून त्या कुठे छेदतात ते दाखवलं. पुढे स्वित्झर्लंडच्या योहान फ्रीड्रिश शेर यांनी व्यापारशास्त्रात आणि कोलंबिया विद्यापीठाच्या वॉल्टर राउटेनस्ट्राउख यांनी कारखान्यांच्या अभ्यासात हा आलेख रुजवला. तिथून वाटा फुटल्या. हिशेबनिसांनी सरळ रेषा धरल्या : कप दुप्पट, दूध दुप्पट. अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप असा की किंमत वाढवली तर गिऱ्हाईक तेवढंच राहत नाही आणि उत्पादन वाढलं तर खर्चाची रेषाही वाकते, मग छेदबिंदू एकाऐवजी दोन निघू शकतात. १९६४ मध्ये डेव्हिड हर्ट्झ यांनी वेगळाच मार्ग सुचवला. प्रत्येक गृहीतकाला एक आकडा देण्याऐवजी शक्यतांचा पट्टा द्यावा आणि संगणकाकडून हजारो वेळा हिशेब करून घेऊन तोट्याची शक्यता काढावी. इलियाहू गोल्डरॅट यांनी १९८० च्या दशकात सांगितलं की कारखान्यातली सर्वांत अरुंद जागा कोणती हे पाहा, कारण नफा तिच्या एकेका मिनिटामागे मोजायचा असतो.

लहान धंद्याला यातलं काय उपयोगी, यावर माझं मत स्पष्ट आहे. सुरुवात हिशेबनिसांच्या सरळ रेषेनं करावी आणि शंका अर्थशास्त्रज्ञांच्या घ्याव्यात. अरुंद जागा कॉफी काउंटरवर सकाळी सात ते दहा या वेळेत उघड दिसते, म्हणून गोल्डरॅटही हाताशी असावेत. हर्ट्झ यांची पद्धत मी पुस्तकाबाहेर ठेवली आहे. ज्याच्याकडे वर्षभराच्या दुधाच्या बिलांचीही नोंद नाही, त्याला शक्यतांचे पट्टे अंदाजानंच भरावे लागतील, आणि अंदाजांवर चढवलेली एवढी मोठी यंत्रणा खोटा विश्वास देते.

हे गणित सामान्य माणसाच्या हाती आलं ते स्प्रेडशीटमुळे. हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकत असताना डॅन ब्रिकलिन यांनी प्राध्यापकांना फळ्यावरचा एक आकडा बदलून खालचे सगळे पुसताना आणि पुन्हा मांडताना पाहिलं. त्यातून १९७९ मध्ये बॉब फ्रँक्स्टन यांच्यासह त्यांनी व्हिजिकॅल्क केलं. मूळ गरज हीच होती : एक गृहीतक बदललं तर बाकीचं काय होतं हे लगेच कळावं. आपल्याकडे मात्र स्प्रेडशीट बहुतेक वेळा बेरजेची वही म्हणून वापरली जाते. कर्जासाठीच्या प्रकल्प अहवालात ब्रेक-ईव्हनचा तक्ता असतो, पण तो कर्ज मंजूर झाल्यावर सहसा कोणी उघडत नाही.

आपला तक्ता साधा आहे. `B1` मध्ये किंमत, `B2` मध्ये कराचा दर, `B3` मध्ये कपामागचा माल, `B4` मध्ये महिन्याचा स्थिर खर्च, `B5` मध्ये कामाचे दिवस. उत्तर असं :

```
=IF(B1*(1-B2)-B3<=0, "तोटाच", ROUNDUP(B4/(B1*(1-B2)-B3)/B5, 0))
```

सुरुवातीचा `IF` सजावटीसाठी नाही. कपामागे सुटणारी रक्कम शून्याखाली गेली तर नुसता भागाकार उणे कप दाखवतो, आणि घाईत ती उणे खूण नजरेतून सुटते. बांधलेल्या किमतीत एमटीआर जिथे सापडलं होतं, ती स्थिती तक्त्यानं शब्दांत सांगावी म्हणून तो आहे. दुसरा नियम याहून महत्त्वाचा : सूत्राच्या आत आकडा लिहायचा नाही. कराचा ५ टक्के दर `B2` ऐवजी सूत्रात घुसवला, तर उद्या नियम बदलल्यावर तो कुठे लपला आहे ते सापडत नाही. कर या शहरात विसरण्याजोगा खर्च नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या व्यापारी कर विभागानं यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून लहान दुकानदारांना नोटिसा पाठवल्या आणि अनेक दुकानांवर यूपीआय नको असे फलक लागले. आपल्या काउंटरनं रोज ७०० कप विकले तरी वर्षाची उलाढाल ५० लाखांच्या वर जाते, नोंदणीच्या मर्यादेच्या बरीच पुढे. कराचा चौकोन रिकामा ठेवला तर ५४९ कप पुरेसे वाटतात, आणि भरला की ६१७ लागतात.

आता एकेक गृहीतक हलवून पाहू. दुधाचा भाव १० टक्के वाढला तर ६१७ चे ६५८ होतात. पावडर १० टक्के महागली तर ६५१. भाडं तेवढंच वाढलं तर ६३६. म्हणजे ज्या भाड्याची सर्वांत जास्त चर्चा होते, ते या तिघांत सर्वांत कमी हलवतं. आणि किंमत? ती १० टक्क्यांनी उतरवून १८ केली तर ८०९ कप लागतात. वाढवून २२ केली तर ४९९ पुरतात. तेवढेच दोन रुपये, पण खाली जाताना १९२ कप वाढतात आणि वर येताना ११८ च कमी होतात. कारण भागाकाराच्या खाली असलेली रक्कम लहान आहे, आणि ती लहान होत गेली की उत्तर फार वेगानं फुगतं. शेजारी नवं काउंटर उघडलं म्हणून दोन रुपये उतरवणाऱ्यानं हा आकडा आधी पाहायला हवा. त्याला ८०९ कप फक्त जिवंत राहायला लागतील. सकाळच्या तीन तासांत दोन माणसं तेवढी कॉफी गाळून देऊ शकतील का हा पुढचा प्रश्न, आणि तिसरा माणूस घेतला की स्थिर खर्चाची पायरी चढते.

किंमत वाढवली तर गिऱ्हाईक जाईल ही भीती खरी आहे. तिला उत्तर देता येत नाही, पण तिचं माप काढता येतं. काउंटर आज रोज ७०० कप विकतं असं धरा. महिन्याला २१,००० कप, सुटणारे १,६८,०००, स्थिर खर्च वजा जाता २०,००० नफा. २२ रुपयांना कपामागे ९ रुपये ९० पैसे सुटतात, तेव्हा तेवढाच नफा ५६६ कपांवर मिळतो. म्हणजे ७०० पैकी १३४ कप गेले तरी नुकसान नाही. आता प्रश्न नेमका झाला : दोन रुपयांसाठी पाचातला जवळजवळ एक जण खरंच जाईल का? याचं उत्तर तक्ता देत नाही. ते समोरच्या रस्त्यावर उभं राहून, तिथे येणारी माणसं कोण आहेत हे पाहून द्यायचं असतं.

इथवरची तपासणी एका वेळी एक गोष्ट हलवते, आणि पाठ्यपुस्तकं सहसा इथेच थांबतात. माझ्या मते खरा धोका याच्या पुढे आहे. २०२४-२५ मध्ये ब्राझील आणि व्हिएतनाममधल्या दुष्काळामुळे कॉफीचे जागतिक भाव चढले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिकाचा वायदे बाजारातला भाव पौंडामागे ४ डॉलरच्या वर गेला. कर्नाटकात कॉफी पिकते म्हणून इथली पावडर स्वस्त राहत नाही, बागायतदाराला जगाचाच भाव मिळतो. त्यातच १ एप्रिल २०२५ पासून नंदिनी दूध लिटरमागे ४ रुपयांनी महागलं.

आपल्या काउंटरवर दुधाचे ते ४ रुपये म्हणजे कपामागे ४० पैसे. एकटे धरले तर ६५० कप लागतात, आणि ७०० विकणारा सुरक्षित आहे. पावडर २० टक्के महागली तर कपामागे ८४ पैसे. एकटी धरली तर ६९० कप, अजूनही सुरक्षित. दोन्ही वाढी एकत्र आल्या तर सुटणारी रक्कम ६ रुपये ७६ पैसे उरते आणि लागतात ७३० कप. दोन वेगळ्या तक्त्यांनी दोनदा ‘काळजी नको’ सांगितलेला माणूस महिन्याला ६,००० रुपयांच्या तोट्यात असतो. म्हणून या पुस्तकात भर आहे तो दुहेरी तक्त्यावर. आडव्या ओळीत किंमत १८ पासून २४ पर्यंत, उभ्या रांगेत कपामागचा माल साडेनऊपासून साडेतेरा रुपयांपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या रुपयाच्या टप्प्यानं. एक्सेलमध्ये हे `Data Table` करून देतं. गूगल शीट्समध्ये ती सोय नाही, पण एक सूत्र सगळीकडे ओढलं की काम होतं :

```
=ROUNDUP($B$4/(B$11*(1-$B$2)-$A12)/$B$5, 0)
```

किमती अकराव्या ओळीत आणि मालाचे खर्च `A` रांगेत आहेत. डॉलरच्या खुणा कुठे आहेत आणि कुठे नाहीत याकडे लक्ष हवं. एक खूण चुकली तरी तक्ता भरतो, नीटनेटका दिसतो आणि खोटं सांगतो. ओळखायची खूण सोपी आहे : २० रुपये आणि ११ रुपये जिथे भेटतात त्या चौकोनात ६१७ च दिसले पाहिजेत. नंतर आपण आज विकतो त्या ७०० पेक्षा मोठे आकडे लाल करावेत. लाल भागाची सीमा आपल्या चौकोनापासून किती दूर आहे हे पाहणं, हीच पूर्ण तपासणी. वरच्या उदाहरणात ती जेमतेम एक रुपया दूर आहे.

पण तक्त्यातले ११ रुपये खरे आहेत का? इथे नोंदवहीशी गाठ घालावी लागते. महिन्यात २१,००० कप विकले तर २,१०० लिटर दूध लागायला हवं. दूधवाल्याचं बिल २,४०० लिटरचं आलं, तर कपात १०० नाही, ११४ मिलिलिटर दूध जातंय. कपामागे ७१ पैसे वाढले आणि ६१७ चे ६७७ झाले, कुठलाही भाव न वाढता. कारणं शोधली की सापडतात : नव्या माणसाचा हात सैल असतो, किंवा दूध उतू जातं. बंगळुरूत आणखी एक कारण असतं, ‘बाय-टू’. एक कॉफी दोघांत वाटून देताना दोन पेल्यांत मिळून माल एकाहून जास्त जातो, पण गल्ल्यात नोंद एकाच कपाची होते. जिथे बाय-टूचं गिऱ्हाईक मोठं आहे तिथे ते वेगळ्या ओळीत मोजायलाच हवं. हा ताळा मी पुस्तकात तक्त्यापेक्षाही आवश्यक मानला आहे, कारण भाव बाहेरून येतात पण माप आपल्या हातातलं असतं.

अनेक पदार्थ असलेल्या ठिकाणी कप मोजून भागत नाही. तिथे रुपयामागे किती सुटतं हे धरावं लागतं. आपल्या कॉफीत २० मध्ये ८, म्हणजे ४० टक्के, आणि ब्रेक-ईव्हनची विक्री महिन्याला ३ लाख ७० हजार. इडली-वड्याचा टक्का वेगळा निघेल, आणि कशाचा खप वाढतो यावर सगळं उत्तर सरकेल. घरपोच ॲपवरून होणारी विक्री तर वेगळा पदार्थच समजावी, कारण तिच्यातून कमिशन जातं.

पुस्तकाच्या मर्यादाही इथेच सांगतो. ब्रेक-ईव्हन नफ्याचा हिशेब आहे, रोकडीचा नाही. साडेचार लाखांचं डिपॉझिट पहिल्या दिवशी जातं आणि तक्त्यात महिन्याला ४,५०० म्हणून दिसतं. ६१७ च्या वर असलेला माणूसही उधारीमुळे दूधवाल्याचे पैसे थकवू शकतो. रोकडीचा वेगळा तक्ता शेवटच्या भागात आहे. तसंच स्थिर खर्च कायम स्थिर नसतो. भाडेकरार संपला की तो बदलतो, तिसरा माणूस घेतला की उडी मारतो. दर्शिनी हा इथला प्रकार याच खर्चावर हात घालून उभा राहिला. १९८३ मध्ये जयनगरात कॅफे दर्शिनी निघालं तेव्हा खुर्च्या आणि वाढपी वगळले, गिऱ्हाइकानं उभ्यानं खाऊन निघायचं ठरलं. त्यामुळे जागेच्या चौरस फुटामागे आणि माणसामागे खपणाऱ्या प्लेटा वाढल्या. आपल्या काउंटरचा सगळा हिशेब त्या रचनेच्या आत बसतो. बसायला चार टेबलं टाकायची असतील तर `B4` बदलून भागणार नाही, तक्ता नव्यानं मांडावा लागेल.

सोबतच्या फाइलमध्ये पिवळे चौकोन तेवढे भरायचे आहेत. प्रत्येक चौकोनाशेजारी दोन रकाने आहेत : आकडा कुठून आला आणि कोणत्या तारखेचा. पहिल्यांदा भाडं करारातून, पावडरचा भाव शेवटच्या बिलातून आणि दुधाचं माप महिन्याच्या बिलाला कपांनी भागून घ्या. व्यावसायिक गॅस सिलिंडरचा दर दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो, तेव्हा तक्ता उघडायला तोच दिवस सोयीचा.